दुधाचा हिशेब वहीत नव्हता

१२ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मेथी निवडत बसल्या होत्या आणि टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. निवेदिकेनं सांगितलं की ऑक्टोबर महिन्यात किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आला आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून ही मोजणी सुरू झाल्यापासून इतका खाली तो कधीच आला नव्हता. आईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"पाव टक्का म्हणजे शंभराला चार आणे ना गं?"

"हो आई."

"मग हे लोक कुठल्या दुकानातून सामान आणतात ते विचार की जरा."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरीखुरी शंका होती. आई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. मामंजींच्या मागे त्यांना निवृत्तिवेतन मिळतं, आणि लातूरच्या आमच्या घरातला महिन्याचा किराणा अजूनही त्याच भरतात. त्याची यादी त्या एका लांबट, लाल कापडी पाठीच्या वहीत लिहितात. जिन्नस, वजन, दर, रक्कम. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. 'सर्वसाधारण किंमतपातळीत सातत्यानं होणारी वाढ म्हणजे महागाई' ही व्याख्या मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. पण त्या संध्याकाळी आईंना ती व्याख्या ऐकवण्यात काही अर्थ नव्हता. त्या हिशेबात पक्क्या आहेत. त्यांना वहीतूनच दाखवायला हवं होतं.

मी म्हटलं, "आई, वही काढा. आपण आपलीच महागाई मोजू."

वही उघडताच त्यांनी आधी २०१५ चा नोव्हेंबर काढला, कारण ते पान त्यांना पाठ होतं. तूरडाळ, १९० रुपये किलो. त्या आकड्याखाली त्यांनी तेव्हा पेननं दोन रेघा मारल्या होत्या. ते दिवस लातूरकर विसरणं शक्य नाही. २०१४ ला पाऊस कमी झाला, २०१५ ला त्याहून वाईट गेला, आणि मराठवाड्यातली तूर शेंगा धरायच्या आधीच वाळली. पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तो हाच दुष्काळ. आमच्या घरात तेव्हा वरणाची वाटी लहान झाली होती, आणि डाळ तुरीची की मसुराची हे पाहुण्याच्या मानावर ठरायचं.

"हे बघ," आई म्हणाल्या, "तेव्हा १९०, आज ११५. म्हणजे डाळ स्वस्त झाली. तरी माझा महिना का भागत नाही?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षाही चांगला होता. एका जिनसाच्या भावाला महागाई म्हणायचं नाही, हे मी वर्गात सांगते. आई तेच उलट्या बाजूनं विचारत होत्या. एक जिन्नस स्वस्त होऊनही महागाई कशी काय असते?

मग आम्ही ठरवलं की पाच जिन्नस घ्यायचे आणि त्यांचं वजन सगळ्या वर्षांना तेच ठेवायचं. गहू पंधरा किलो, तूरडाळ तीन किलो, सोयाबीनचं तेल चार लिटर, साखर चार किलो, आणि दूध दिवसाला एक लिटरप्रमाणे तीस लिटर. वजन तेच ठेवणं फार महत्त्वाचं आहे. डाळ महागल्यावर आपण कमी घेतो, तेल उतरलं की पुऱ्या जास्त होतात. मग रकमेत भाव किती आणि आपलं वागणं किती, हे वेगळं काढता येत नाही. सरकारी मोजणीतही हेच करतात. एक टोपली ठरवायची, तिच्यातली मापं गोठवायची, आणि दर महिन्याला फक्त तिची किंमत विचारायची. २०१२ च्या मालिकेसाठी हे भाव शहरांतल्या १११४ बाजारांतून आणि ११८१ गावांतून गोळा होत असत.

चार जिन्नस वहीत सापडले. दूध सापडेना.

किराणा वहीत आणि दूध कॅलेंडरवर, ही आमच्या घरची रीत. गवळी असायचा तेव्हापासूनची. तारखेच्या चौकोनात आज किती घेतलं ते लिहायचं, कोपऱ्यात महिन्याचा दर लिहायचा, एक तारखेला बेरीज करून पैसे द्यायचे. पिशवीचं दूध सुरू झालं तरी रीत तीच राहिली. आणि कॅलेंडर कोण सांभाळून ठेवतं? वर्ष संपलं की ते उतरतं.

"थांब," म्हणून आई उठल्या आणि स्वयंपाकघरातल्या फडताळातले डबे खाली उतरवायला लागल्या. जुन्या कॅलेंडरची पानं त्या फळ्यांवर अंथरतात. तेलाचे गोल डाग पडलेली, कडा दुमडलेली ती पानं आम्ही एकेक करून सोडवली. काहींवरचे आकडे हळदीनं गेले होते. नोव्हेंबरची नीट वाचता येतील अशी तीन मिळाली: २०१५, २०१७ आणि २०२२. म्हणून आमच्या हिशेबात तीच वर्षं आली, आणि चौथं चालू वर्ष. दुसऱ्या घरी दुसरी वर्षं येतील. पण ज्या वर्षापासून मोजायला सुरुवात करू त्यानं उत्तर किती बदलतं, हे नेमकं या तीन पानांनीच आम्हाला दाखवलं.

आमच्या घरचे भाव असे होते. २०१५ च्या नोव्हेंबरात गहू २४, डाळ १९०, तेल ८५, साखर ३०, दूध ४०. दोन वर्षांनी, २०१७ ला, गहू २६, डाळ ७५, तेल पुन्हा ८५, साखर ४२, दूध ४२. २०२२ ला गहू ३४, डाळ ११५, तेल १५०, साखर ४२, दूध ५२. आणि २०२५ ला गहू ३८, डाळ ११५, तेल १४५, साखर ४५, दूध ५८. आईंनी बोटांवर आणि मी कागदावर गुणाकार केले. टोपलीची किंमत २०१५ ला २५९० रुपये आली, २०१७ ला २३८३, २०२२ ला ३१८३ आणि २०२५ ला ३४१५.

आईंनी दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. "इथं तर कमी झालं."

झालं होतं खरं, आणि ते एकट्या डाळीमुळं. डाळीची ही गोष्ट मला सविस्तर सांगावीशी वाटते, कारण भाव म्हणजे काय आणि महागाई म्हणजे काय यातला फरक तिच्यात जितका स्वच्छ दिसतो तितका कुठंच दिसत नाही.

तूर जूनमध्ये पेरतात आणि ती निघते डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे शेतकऱ्यानं तूर लावायची की सोयाबीन, हे ठरवताना त्याच्यापुढे मागच्या हंगामाचा भाव असतो, आणि माल बाजारात येतो सहा-सात महिन्यांनी. २०१५ चा भाव बघून २०१६ च्या जूनमध्ये सगळ्यांनीच तूर लावली. त्या वर्षी पाऊसही झाला. देशातलं तुरीचं उत्पादन आदल्या वर्षी साधारण २५ लाख टन होतं, ते ४८ लाख टनांच्या वर गेलं. सरकारनं बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये हमीभाव जाहीर केला होता, पण २०१७ च्या सुरुवातीला इथल्या मोंढ्यात त्याच्या बऱ्याच खाली सौदे होत होते. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या आणि बारदाना संपला म्हणून मापं थांबत होती. माझे चुलत दीर तीन रात्री पोत्यांवर झोपले आणि शेवटी माल व्यापाऱ्याला घालून परत आले. त्याच वर्षी आईंच्या वहीत डाळ ७५ रुपये होती. तुरीच्या क्विंटलमागे गिरणीतून सत्तर-बहात्तर किलो डाळ निघते; बाकी चुनी आणि टरफल. मोंढ्यात ओतलेल्या त्या पोत्यांचा आणि आमच्या वरणाचा हिशेब इतका सरळ जोडलेला आहे. आमच्याच घरात एका बाजूला समाधान होतं आणि दुसऱ्या बाजूला बियाण्याचं कर्ज.

एका पिकाच्या भावाचं हे वर-खाली होणं टंचाईमुळे आणि मुबलकतेमुळे असतं. ते दुखतं, पण फिरून खाली येतं. त्याला भाव चढला म्हणावं. महागाई म्हणायची ती वेगळी: एक जिन्नस उतरला तरी टोपली खाली राहत नाही, पुन्हा चढते आणि आधीच्याही वर जाते, ती.

म्हणूनच 'डाळ स्वस्त झाली, तरी का भागत नाही' याचं अर्धं उत्तर सुरुवातीच्या वर्षात होतं. आई २०१५ पासून मोजत होत्या, कारण ते वर्ष त्यांच्या मनावर कोरलं गेलं होतं. तिथून धरलं तर दहा वर्षांत टोपली २५९० वरून ३४१५ झाली. एकूण वाढ ३२ टक्के, म्हणजे वर्षाला सरासरी २.८ टक्के. फार वाटत नाही. पण २०१७ पासून धरलं, तर आठच वर्षांत २३८३ वरून ३४१५. ४३ टक्के वाढ, वर्षाला साडेचारहून थोडी जास्त. टोपली तीच, दुकान तेच, लिहिणारा हातही तोच. फक्त एका ठिकाणी सुरुवात डाळीच्या डोंगरावरून झाली आणि दुसरीकडे दरीतून.

इथं मी आईंना टीव्हीवरचा पाव टक्का समजावून सांगू शकले. तो आकडा म्हणजे ऑक्टोबर २०२५ ची ऑक्टोबर २०२४ शी केलेली तुलना. आणि ऑक्टोबर २०२४ कसा होता? त्या महिन्यात भाज्यांचे भाव आदल्या वर्षीपेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त चढले होते, एकूण महागाईचा दर ६.२१ टक्के होता. म्हणजे तोही एक डोंगरच. त्या डोंगरावरून २०२५ कडे बघितलं तर जमीन सपाट दिसणारच. त्यात भाज्या खरोखर उतरल्या, आणि सप्टेंबरात जीएसटीचे दर कमी झाल्यानं काही वस्तूंचे भाव खाली आले. आकडा खोटा नाही. तो एका वर्षापुरतं बोलतो, आणि आईंचं मन दहा वर्षांचं बोलत होतं.

"पण तो पाव टक्का वाढलाच ना?" आईंनी विचारलं. "कमी नाही झाला."

बरोबर पकडलं त्यांनी. महागाईचा दर कमी झाला म्हणजे भाव कमी झाले असं बहुतेक जण धरून चालतात, शिकलेलेसुद्धा. मी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथं माझ्या मुलाच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. सातवी ते नववी या वर्षांतल्या खुणा एकमेकींपासून चार-चार बोटं लांब आहेत. बारावीनंतरच्या दोन खुणा जवळजवळ एकीवर एक आल्यात. वाढ थांबत आली, म्हणून मुलगा काही ठेंगणा झाला नाही. आमच्या टोपलीचंही तसंच. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत ती वर्षाला सरासरी सहा टक्क्यांनी वाढली, त्यानंतरच्या तीन वर्षांत वर्षाला अडीच टक्क्यांच्या आत. वेग निम्म्याहून खाली आला. पण ३१८३ ची टोपली ३४१५ झालीच.

त्या मधल्या सहा टक्क्यांच्या काळात सगळ्यात वेगानं चढलं ते तेल. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल काळ्या समुद्राच्या बाजूनं, सोयाबीन दक्षिण अमेरिकेतून. २०२० च्या उत्तरार्धापासून जगभर तेल चढायला लागलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि सूर्यफुलाची वाट अडली. एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली. ती बंदी महिन्याभरातच उठली, भाव नंतर उतरलेही, पण ८५ काही परत आले नाहीत. आणि पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवलं, कारण इथल्या सोयाबीनला भाव नव्हता. लातूरच्या माणसाला हे दोन्ही बाजूंनी कळतं. सोयाबीन पिकवणारेही आपलेच आणि तेल विकत घेणारेही.

तेलाच्या बाबतीत आईंनी एक गोष्ट माझ्या आधी पकडली होती. त्या तेलाचा पुडा आणला की स्टीलच्या बरणीत ओततात. त्या बरणीला आतून गळ्याशी एक कड आहे, आणि एक पुडा ओतला की तेल बरोबर त्या कडेला लागायचं. दोन-तीन वर्षांपूर्वी एकदा ते कडेच्या खाली राहिलं. त्यांना वाटलं पुडा गळला. नंतर त्यांनी चष्मा लावून वाचलं. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं. या पुड्यावर ८५० लिहिलं होतं. आकार तोच, चित्र तेच, भाव दोन रुपयांनी कमी. तेव्हापासून त्यांच्या वहीत तेलापुढे ग्रॅम लिहिलेले असतात, आणि आमच्या हिशेबासाठीही आम्ही दर पूर्ण लिटरवर आणून घेतला. किंमत वाढवायची नसेल तेव्हा वजन कमी करतात, आणि पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत तर हेच चालतं, कारण तिथं किंमत हलवणं दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही अवघड जातं. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं तो दर छापावा लागतो. अक्षरं बारीक असतात, पण पुडा घेताना वाचण्यासारखी तीच एक ओळ आहे.

पण त्या संध्याकाळी आम्हाला खरा धक्का दिला तो दुधानं.

मी आईंना म्हटलं, आता २०१७ पासून वाढलेले १०३२ रुपये कुणी किती वाढवले ते बघू. साखरेनं १२ रुपये. डाळीनं, जिच्यावर सगळ्यात जास्त बोललो तिनं, १२०. गव्हानं १८०. तेलानं २४०. आणि दुधानं ४८०. जवळजवळ निम्मी वाढ एकट्या दुधाची. आई कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. "दुधाबद्दल तर मी कधी एका शब्दानं बोलले नाही," त्या म्हणाल्या.

बोलणार तरी कशा? डाळ एका वर्षात दुप्पट होते तेव्हा घरात, बसमध्ये, विधानसभेत बोललं जातं. दूध दोन रुपयांनी वाढतं. पिशवीवरचा आकडा एका सकाळी बदललेला असतो, आपण सुटे शोधतो आणि विसरतो. वर्षा-दीड वर्षानं पुन्हा दोन रुपये. त्याला कारणंही साधीच असतात: सरकी पेंड महागली, कडबा महागला, धारा काढायला माणूस मिळेना, २०२२ ला लम्पीनं जनावरं गेली. डाळ वर गेली तशी खालीही आली. दूध ४०, ४२, ५२, ५८ असं चढतच गेलं, एकदाही मागे फिरलं नाही. आणि डाळ महिन्याला तीन किलो लागते, दूध तीस लिटर. टोपलीत एखाद्या जिनसाला किती जागा आहे, याला आम्ही भार म्हणतो. भाव किती टक्के वाढला याला त्या भारानं गुणल्याशिवाय तो खिशाला किती लागला ते कळत नाही. सरकारच्या २०१२ च्या टोपलीत शंभरातले साधारण साडेसहा भाग दुधाचे आणि दुधाच्या पदार्थांचे होते, सगळ्या डाळींना मिळून अडीचसुद्धा नव्हते.

त्या टोपलीत खाण्यापिण्याचा सगळा मिळून वाटा जवळपास ४६ टक्के होता. खेड्यांसाठी ५४, शहरांसाठी ३६. म्हणजे एकाच देशात, एकाच महिन्यात, भाजी उतरली तर खेड्यातल्या घराला जास्त हलकं वाटतं आणि शाळेची फी वाढली तर शहरातल्याला जास्त टोचतं. आईंच्या टोपलीत तर गुडघ्यांच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा जो डबा आहे, तो कुणाही तिशीतल्या माणसाच्या टोपलीत नाही. टीव्हीवरचा आकडा कुणा एका घराचा नसतो. तो सगळ्या घरांची सरासरी असतो, आणि आपलं घर त्या सरासरीच्या कुठल्या बाजूला आहे हे आपली यादी घेऊन बसल्याशिवाय समजत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या पाच जिनसांत दिसत नव्हती. डाळ खाली आली तरी इतर खर्च का खाली येत नाहीत?

आमच्या शेजारी एक ताई मेस चालवतात. लातूरला बाहेरगावची मुलं शिकायला येतात, गल्लोगल्ली मेस आहेत. २०१५ च्या अखेरीस त्यांनी महिन्याचा दर १८०० वरून २००० केला. कारण सांगितलं डाळीचं, आणि ते खरंच होतं. मुलांना वरण तर द्यावंच लागतं. २०१७ ला डाळ ७५ वर आली. मी त्यांना सहज विचारलं, आता दर उतरवणार का? त्या म्हणाल्या, "ताई, कसा उतरवू? पोळ्या करणाऱ्या बाईंनी डाळ महागल्यावर पगार वाढवून घेतला, आता डाळ उतरली म्हणून त्यांचा पगार कापू का? घरमालकानं तेव्हाच भाडं वाढवलं, तो आता कमी करील का?" डाळीचा भाव उतरला. पण तो वर असताना पोळ्या करणाऱ्या बाईंच्या पगारात, घरभाड्यात, मेसच्या दरात शिरला होता, आणि तिथून तो बाहेर निघाला नाही. टंचाईची महागाई होते ती अशी. रिझर्व्ह बँकेला तूर पिकवता येत नाही, तरीही तिला डाळ-भाजीच्या भावावर डोळा ठेवावा लागतो तो यासाठीच. तिच्यावर जबाबदारी आहे ती महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोनच्या खाली नाही आणि सहाच्या वर नाही, अशी ठेवण्याची. व्याजदर वाढवून कांदा स्वस्त होत नाही. पण कांदा महागला म्हणून सगळ्यांनीच आपापले दर वाढवायला घेतले, तर त्या ओढीला आवर घालता येतो, तोही हळूहळू, वर्ष-दीड वर्षानं.

रात्री फडताळ पुन्हा लावताना, अगदी तळच्या साबुदाण्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पुडीत पाचशेच्या दोन नोटा निघाल्या. नव्या, राखाडी. आईंनी लगेच ओळखल्या. नोटबंदीत डब्यांतल्या जुन्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या होत्या, त्यानंतर वर्षभरानं त्यांनी पुन्हा हिमतीनं ठेवलेले हे पहिले हजार रुपये होते. पुडीत चिठ्ठी होती, 'दिवाळी २०१७'. म्हणजे आमच्या २३८३ च्या टोपलीचंच वर्ष.

मी तोच कागद पुन्हा घेतला. २०१७ ला या हजारात टोपलीचा जेवढा भाग येत होता, तेवढाच आज घ्यायचा तर १४३३ रुपये लागतील. किंवा उलट्या बाजूनं सांगायचं, तर या नोटांना आज तेवढंच येतं जेवढं तेव्हा ६९८ रुपयांना यायचं. नोटांवर पाचशेच छापलेलं होतं, कुणी हात लावला नव्हता, डबा हललासुद्धा नव्हता.

"तीनशे रुपये कुणी नेले मग?" आईंनी विचारलं.

मी गहू, तेल, डाळ, दूध असं पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "नाही, ते कळलं. दर महिन्याला थोडे थोडे गेले." मग त्या म्हणाल्या, "बँकेत असते तर?"

बँकेच्या बचत खात्यात वर्षाला अडीच ते साडेतीन टक्के मिळाले असते, आठ वर्षांत ते साडेबाराशेच्या आसपास झाले असते. १४३३ ला तरीही पोचले नसते, पण भोक लहान असतं. मुदत ठेवीत ठेवले असते तर बहुतेक बरोबरीला किंवा थोडे पुढेही गेले असते. आईंनी ते ऐकून घेतलं. नोटा मात्र त्यांनी पुन्हा डब्यात ठेवल्या नाहीत, देवघराजवळच्या पाकिटात ठेवल्या, दुसऱ्या दिवशी नातवाबरोबर बँकेत जायचं म्हणून.

झोपायच्या आधी पाणी प्यायला गेले तर स्वयंपाकघरात दिवा होता. आई वही उघडून बसल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ च्या पानावर, साखरेच्या खाली, जिथं यादी संपते तिथं, त्यांनी नवीन ओळ घातली होती: दूध, ३० लिटर, ५८, १७४०. मग पट्टी घेऊन त्या मागची पानं उलटू लागल्या, आणि कॅलेंडरच्या तेलकट पानांवरून बघून २०२२ च्या नोव्हेंबरात दूध लिहिलं, २०१७ च्या लिहिलं, २०१५ च्या लिहिलं. तिथं १९० च्या खाली त्यांच्याच हाताच्या दोन रेघा होत्या. त्यांनी खाली दूध ४० लिहिलं, थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं, आणि त्याच्याखालीही दोन रेघा ओढल्या.